बखर, शकावली की इंग्रजांची पत्रं: शिवकाळातल्या तारखेसाठी कशावर भिस्त ठेवावी?

शिवकाळावर काही लिहायला बसलं की एकाच घटनेच्या दोन-तीन तारखा समोर येतात आणि गाडी तिथंच अडते. साधनं तीन प्रकारची हाताशी असतात: बखर, शकावली आणि इंग्रज वखारीचा पत्रव्यवहार. यातलं कोणतं धरायचं हे शिवरायांच्या जन्मतिथीच्या वादावरून चांगलं कळतं.

मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीत शके १५४९ चा वैशाख येतो, म्हणजे १६२७ सालचा जन्म. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे घटनेनंतर पावणेदोनशे वर्षांनी लिहिलेली. जेधे शकावली मात्र शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असं सांगते. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली आणि वाद पेटला.

शकावली कोरडी असते. साल, तिथी, काय झालं, एवढंच. म्हणूनच ती तपासता येते. शके १५५१ ला शुक्ल संवत्सर येतो का? येतो. त्या तृतीयेला शुक्रवार पडतो का? पडतो, इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. अंदाजपंचे तारीख घातली असती तर संवत्सर, तिथी आणि वार असे सगळे एकत्र जुळणं कठीण होतं.

इथं एक खड्डा आहे. १९ फेब्रुवारी ही जुन्या, म्हणजे ज्युलियन पंचांगाची तारीख. आजच्या ग्रेगोरियन पंचांगात तो दिवस १ मार्च १६३० येतो. एखाद्या संकेतस्थळावर १९ फेब्रुवारी १६३० टाकून वार बघितला आणि ते यंत्र ग्रेगोरियन हिशेब मागे ओढत असलं, तर मंगळवार दिसतो. मग शकावली खोटी ठरवायला माणूस मोकळा. तेव्हा आधी पंचांग कोणतं ते विचारा.

वार जुळला म्हणून बाकी सगळं खरं असंही नाही, कारण पंचांग हाती असलेला कोणीही मागाहून नोंद जुळवू शकतो. म्हणून दुसरा, स्वतंत्र साक्षीदार लागतो. परमानंदाच्या ‘शिवभारता’त हीच तिथी आहे आणि जोधपूरला ज्योतिष्यांच्या संग्रहात सापडलेली कुंडलीही तीच सांगते. परमानंद शिवरायांच्या पदरचा कवी, स्तुती करणारच. त्याच्या पराक्रमवर्णनातून मी अर्धं वजा करीन. पण तृतीयेची पंचमी करून त्याला काय मिळणार होतं? पक्षपात अख्ख्या कागदाचा मोजू नये, त्यातल्या एकेका विधानाचा मोजावा. जेध्यांच्या शकावलीलाही हेच लागू. त्यात जेधे घराण्याची कामगिरी आली की जरा सावध व्हावं, दुसऱ्या कोणाच्या जन्माची नोंद असेल तर तितकं नाही.

इंग्रजांची पत्रं घटना ताजी असताना लिहिलेली, हा त्यांचा मोठा गुण. राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता, त्यामुळे त्याने काय पाहिलं हे सांगण्याचा हक्क त्याला आहे. पण तो आला होता तह करायला आणि राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई मागायला, म्हणून पैशांच्या बाबतीत तो एका बाजूचा माणूस. शिवाय वखारीत बसून ऐकलेलंही ही मंडळी लिहीत. महाराज वारल्याच्या खोट्या बातम्या १६८० च्या आधीही पत्रांतून आल्या आहेत. पत्र वाचताना ‘पाहिलं’ आणि ‘असं कळतं’ यांतला फरक खुणेने वेगळा करत जावा. आणखी एक गोष्ट: तेव्हा इंग्रजांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. फेब्रुवारीतल्या पत्रावर १६७३ दिसलं तर आपल्या हिशेबाने ते १६७४ असू शकतं.

मग बखर टाकून द्यायची? नाही. सभासदाची बखर १६९७ ची, जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेली, त्यामुळे चिटणिसांपेक्षा कितीतरी जवळची. कारभार, माणसं आणि गड यांची माहिती तिच्याइतकी एका जागी क्वचित मिळते. फक्त तीत बत्तीस मण सोन्याचं सिंहासन आलं की आकडा म्हणून नको, त्या वेळच्या माणसांना काय सांगावंसं वाटत होतं म्हणून वाचा.

थोडक्यात, तारीख हवी तर आधी शकावली आणि तिला दुसऱ्या घरचा आधार. एखाद्या प्रसंगाचा तपशील हवा तर डोळ्यांनी पाहणाऱ्याचं पत्र. माणसांचे संबंध, मानपान आणि आठवण हवी तर बखर, जितकी जुनी तितकी बरी.

घरच्या पेटीतली सनद असेल तर तिचा मामला वेगळा. वतनाच्या भांडणात बनावट कागद सर्रास पुढे येत. पहिली चाचणी सोपी आहे: राज्याभिषेक शक हा ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ म्हणजे जून १६७४ पासून चालू झाला. त्याआधीच्या काळाचा म्हणून दाखवलेल्या पत्रावर तो शक किंवा ‘शिवछत्रपती’ असा उल्लेख असेल, तर कागद कितीही जुना आणि पिवळा दिसो, तो निदान आहे तसा अस्सल नाही. नंतरची नक्कल असेल तर तसं म्हणून वापरा, आणि नक्कल कोणी व कशासाठी केली ते शोधा.