चार मिनिटं केली, पैसे दोन मिनिटांचेही नाहीत

टूडी ॲनिमेशनची कामं घरून करणाऱ्यांसाठी लिहितोय. माझे पैसे ज्या फटीतून गेले, ती फट तुमच्याही कोटेशनमध्ये असण्याची दाट शक्यता आहे.

ठिबक सिंचनाचं सामान विकणारी एक कंपनी. शेतकऱ्यांना फिल्टर कसा धुवायचा, लॅटरल नळ्या कशा साफ करायच्या, हे समजावणारा व्हिडिओ हवा होता. मी दर सांगितला, तयार मिनिटाला १५,००० रुपये. ‘तीनेक मिनिटं होईल,’ असं त्यांचे मार्केटिंगवाले साहेब म्हणाले. १०,००० ॲडव्हान्स आले, बाकीचे ‘फायनल झाल्यावर’. सगळं व्हॉट्सॲपवर. ‘फायनल’ म्हणजे काय, ते दोघांनीही विचारलं नाही. त्यांना विचारायची गरजच नव्हती म्हणा.

पहिली चूक माझीच. स्क्रिप्ट आली ती ४७० शब्दांची. मराठी निवेदन सावकाश, शेतकऱ्याला समजेल असं वाचलं, तर मिनिटाला ११०-११५ शब्द बसतात. म्हणजे हे चार मिनिटांच्या वरचं काम, हे स्क्रिप्ट हातात आली त्याच दिवशी कळायला हवं होतं. व्हॉइसओव्हर रेकॉर्ड झाला तेव्हा लांबी भरली ४ मिनिटं १० सेकंद. मी खूश झालो. वाटलं, दर मिनिटावर आहे, तेव्हा बिल वाढणार.

स्टोरीबोर्ड त्यांनी ‘मस्त’ म्हणून पास केला. ॲनिमेशन अर्ध्यावर आल्यावर मात्र सूचना सुरू झाल्या. सकाळी एक, दुपारी दोन, रात्री अकराला व्हॉइस नोट. पाइपचा रंग, लोगोची जागा, मग पुन्हा पाइपचा जुनाच रंग. मी हे सगळं ‘किरकोळ’ म्हणून करत गेलो. मग मोठ्या साहेबांनी व्हिडिओ पहिल्यांदाच पाहिला आणि म्हणाले, शेतकरी म्हातारा नको, तरुण पोरगा दाखवा. ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको: पात्र बदललं की रिग नवा, चालणं-वाकणं नवं, त्याचा प्रत्येक शॉट पुन्हा. अकरा दिवस गेले त्यात.

आणि शेवटी निरोप आला, ‘लांब होतोय, कापून १ मिनिट ५० सेकंदांचा करा.’ कापला. मग मी बिल पाठवलं ४ मिनिटं १० सेकंदांचं, ६२,५००. उत्तर आलं, ‘अहो, तयार मिनिटाचा दर तुम्हीच दिलात ना? तयार तर १:५० आहे.’ म्हणजे २७,५००. ॲडव्हान्स वजा जाता १७,५००. त्यातूनही ‘उशीर झाला’ म्हणून ५,००० कापले आणि उरलेले १२,५०० अडीच महिन्यांनी दिले.

खरा धक्का त्यानंतर बसला. कापून टाकलेले तुकडे त्यांच्या पेजवर छोट्या रील म्हणून दिसायला लागले. मी तपासायला म्हणून पाठवलेली चार मिनिटांची फाइल पूर्ण रिझोल्यूशनची होती, तिच्यावर वॉटरमार्कही नव्हता. त्यांनी ती तशीच कापून वापरली.

आता माझ्या कोटेशनमध्ये ‘तयार मिनिट’ या शब्दाचा अर्थ लिहिलेला असतो. व्हॉइसओव्हर लावलेला ॲनिमॅटिक ज्या लांबीला पास होईल, ती बिलाची लांबी. पुढे कापलं तरी ती कमी होत नाही, वाढवलं तर दर पंधरा सेकंदांचे वेगळे पैसे. पैसेही तिथेच अडकवलेत: ४० टक्के स्टोरीबोर्डला हात लावण्याआधी, ३० ॲनिमॅटिक पास झाल्यावर, उरलेले ३० स्वच्छ फाइल देण्याआधी. दुसरा हप्ता जमा होईपर्यंत एकही शॉट हलवत नाही, कारण मेहनत सगळी त्यानंतरच असते. शेवटचा हप्ता येईपर्यंत पाठवतो ती प्रत्येक फाइल कमी रिझोल्यूशनची, मधोमध वॉटरमार्क आणि कोपऱ्यात टाइमकोड असलेली.

रिव्हिजन प्रत्येक टप्प्याला दोन. पण नुसतं ‘दोन’ लिहून भागत नाही. एक राउंड म्हणजे कंपनीने नेमलेल्या एकाच माणसाकडून, एकाच मेलमध्ये, टाइमकोडसकट आलेली यादी. आणि पास झालेल्या टप्प्यात मागे जाऊन केलेला बदल ही रिव्हिजन धरत नाही, त्याचं नवं कोटेशन जातं. म्हाताऱ्याचा तरुण करायचा तर स्टोरीबोर्डवर करा, तिथे माझा एक दिवस जातो. मोठे साहेब कोण आहेत आणि ते स्टोरीबोर्ड बघणार का, हे तर मी पहिल्याच फोनवर विचारतो.

रीलबद्दल वकील मैत्रिणीला विचारलं, तर तिने कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १७ दाखवलं. मोबदला देऊन कुणी फिल्म करून घेतली, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक करून घेणाराच. मी समजत होतो, पैसे पूर्ण मिळेपर्यंत काम माझं. तसं लिहून घेतलेलं नव्हतं, म्हणून मला भांडायला जागा फारशी उरली नाही. आता कोटेशनच्या तळाशी ओळ असते: ‘पूर्ण रक्कम जमा होईपर्यंत व्हिडिओचे आणि त्यातल्या न वापरलेल्या भागांचे सर्व हक्क माझ्याकडे राहतील.’ तिच्याखाली दोघांच्या सह्या झाल्याशिवाय मी काम हातात घेत नाही.