‘रेंज यायला रात्र जाईल’ म्हणत कुलूपबंद फोन गळ्यात मारला

गणपतीच्या आधी कणकवलीतल्या एका दुकानातून अठरा हजारांना वापरलेला फोन घेतला. ‘अमेरिकेतून आलाय, नव्यासारखा आहे,’ असं सांगून दुकानदाराने कॅमेरा, स्क्रीन, व्हिडिओ सगळं स्वतःच्या वायफायवर दाखवलं. माझं सिम घातल्यावर SIM network unlock PIN असं लिहिलेली चौकट आली. त्याने ती लगेच घालवली आणि म्हणाला, “नवा हँडसेट आहे भाऊ, रेंज यायला रात्र जाईल.”

देवगडला घरी आल्यावर वर फक्त Emergency calls only. तेच सिम जुन्या फोनमध्ये घातलं की पूर्ण रेंज.

परत गेलो तर पाचशे रुपये घेऊन त्याने ‘नेटवर्क रिसेट’ मारून दिलं. या रिसेटने फक्त वायफायचे पासवर्ड, ब्लूटूथच्या जोड्या आणि मोबाईल नेटवर्कची सेटिंग पुसली जातात. फोन एकाच मोबाईल कंपनीच्या सिमला बांधणारं कुलूप रिसेटने उघडत नाही, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक होतं.

मग सांगितलं, “तुमच्याकडे किनाऱ्यावर बँड जुळत नाही.” बँड म्हणजे टॉवर आणि फोन ज्या लहरींवर बोलतात त्यांचा पट्टा. तो जुळतो का, हे घरबसल्या तपासता येतं. मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘आपोआप निवडा’ बंद करायचं आणि शोध पूर्ण होऊ द्यायचा. माझ्या फोनवर माझ्याच कंपनीचं नाव यादीत आलं. म्हणजे फोनला टॉवर ऐकू येत होता, तरी जोडणी होत नव्हती. अमेरिकेसाठी बनलेल्या काही मॉडेलांत आपल्याकडे वापरला जाणारा बँड 40 नसतो, त्याने इंटरनेट मंदावतं किंवा एखाद्या गावात रेंज जाते. पण त्यामुळे पिन मागणारी चौकट कधीच येत नाही. ती चौकट म्हणजेच कुलूप: फोन हप्त्यावर विकणाऱ्या तिकडच्या कंपनीने तो स्वतःच्या सिमला बांधलेला. तो सोडवणं त्याच कंपनीच्या हातात, आणि तेही सहसा आधीच्या मालकाचे पैसे फिटले असतील तरच.

फोन चोरीचा म्हणून इथे ब्लॉक झाला असेल तरीही सिम चालत नाही, म्हणून तेही पाहिलं. *#06# डायल करून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा पंधरा आकडी ओळख क्रमांक, आधी KYM आणि जागा सोडून, 14422 या सरकारी क्रमांकावर एसएमएस केला. त्यात काही खोट निघाली नाही.

शेवटी तो म्हणाला, “दोन हजारांत आयएमईआय बदलून देतो.” त्याने कुलूप उघडत नाहीच, शिवाय 2023 च्या दूरसंचार कायद्यानुसार आयएमईआयमध्ये फेरफार हा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकणारा गुन्हा आहे. असं कुणी म्हटलं तर फोन हातात देऊच नका.

पैसे अजून अडकलेत, पोलिसांत अर्ज दिलाय. बिलावर त्याने नुसतं ‘जुना मोबाईल’ लिहिलंय, त्यामुळे हाच फोन त्याचा हे दाखवायला वेळ लागतोय. तुम्ही बिलावर आयएमईआय लिहून घ्या आणि दुकानातच वायफाय बंद करून आपल्या सिमवरून घरी एक कॉल लावा. तो लागल्यावरच पैसे द्या.