आठ आठवड्यांत क्लाउड प्रॅक्टिशनर : रोज पन्नास मिनिटं की शनिवार-रविवार तीन-तीन तास?

नोकरी सांभाळून एडब्ल्यूएस क्लाउड प्रॅक्टिशनरची परीक्षा द्यायची ठरवली की कोर्स कुठला घ्यायचा, हा प्रश्न आधी पडतो. तो फार अवघड नाही. एडब्ल्यूएसच्याच स्किल बिल्डर साइटवरचा क्लाउड प्रॅक्टिशनर एसेन्शियल्स हा फुकट कोर्स सुरुवातीला पुरतो. खरं अडतं ते वेळ कसा कापायचा, इथे. आठवड्याला सहा तास काढता येत असतील तर आठ आठवड्यांत अठ्ठेचाळीस तास होतात, आणि पूर्ण नवख्याला तेवढे पुरतात. हे सहा तास दोन तऱ्हांनी वाटता येतात. सोमवार ते शुक्रवार रोज पन्नास मिनिटं आणि रविवारी जवळपास दोन तास, ही पहिली तऱ्हा. दुसऱ्या तऱ्हेत शनिवारी तीन, रविवारी तीन आणि मधले पाच दिवस पुस्तक बंद.

मी स्वतः ही परीक्षा दुसऱ्या तऱ्हेने दिली. गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीने पहिल्या तऱ्हेने दिली. ती नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर आहे, ऑटोमोटिव्ह चौकातून मेट्रोच्या ऑरेंज लाइनने खापरीपर्यंत जाते-येते. आठही आठवडे तिच्या शेजारी बसून पाहिल्यावर माझं मत बरंच बदललं.

आधी परीक्षेचं माप सांगतो, कारण वेळ त्या मापानेच वाटायचा आहे. या परीक्षेचा कोड सीएलएफ-सी०२. तिच्यात ६५ प्रश्न आणि ९० मिनिटं असतात. त्यातले ५० प्रश्नच गुणांत धरतात. उरलेले १५ चाचणीपुरते असतात, पण ते कुठले हे कळत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. १०० ते १००० या मापावर ७०० ला पास. हे प्रमाणित गुण आहेत, सरळ सत्तर टक्के नव्हेत. विषयांचं वजन असं : क्लाउडच्या संकल्पना २४ टक्के, सुरक्षा आणि अनुपालन ३० टक्के, तंत्रज्ञान आणि सेवा ३४ टक्के, बिलिंग व सपोर्ट १२ टक्के. प्रत्येक विषयात वेगळं पास व्हावं लागत नाही, एकूण गुण पाहतात.

नावं लक्षात राहणं

या परीक्षेत आकडेमोड नाही, कोड लिहायचा नाही. अवघड जातं ते सारख्या दिसणाऱ्या सेवांमध्ये फरक ओळखणं. क्लाउडवॉच, क्लाउडट्रेल आणि कॉन्फिग ही तिघं घ्या. सर्व्हरचा सीपीयू ऐंशी टक्क्यांवर गेला की मेसेज यावा, हे काम क्लाउडवॉचचं. काल रात्री हा सर्व्हर कोणी उडवला, हे क्लाउडट्रेल सांगतो. या फायरवॉलची सेटिंग गेल्या महिन्यात कशी होती आणि ती आपल्या नियमात बसते का, याचं उत्तर कॉन्फिगकडे. वाचताना हे अगदी सोपं वाटतं. आठवडाभराने प्रश्नात तिन्ही नावं एकाखाली एक आली की हात थबकतो.

इथे रोजची योजना उघड जिंकते. बहिणीने खिशात मावेल अशी वही केली होती. एका पानावर एकच जोडी किंवा तिकडी : गार्डड्यूटी, इन्स्पेक्टर, मेसी; सिक्युरिटी ग्रुप आणि नेटवर्क एसीएल; रिझर्व्ह्ड इन्स्टन्स आणि सेव्हिंग्ज प्लॅन. प्रत्येक नावासमोर व्याख्या न लिहिता एक प्रसंग लिहायचा. मेसीसमोर तिने लिहिलं होतं : ‘एस-थ्रीमधल्या फायलींत कोणाचे पॅन नंबर पडले आहेत का?’ सकाळी मेट्रोत बसली की कालचं पान आणि चार दिवसांपूर्वीचं पान चाळायची. नवीन व्हिडिओ रात्री घरी.

माझ्या शनिवार-रविवारच्या पद्धतीत रविवारी रात्री शिकलेलं थेट पुढच्या शनिवारी समोर यायचं. मधल्या पाच दिवसांत निम्मं धूसर झालेलं असायचं आणि शनिवारचा पहिला तास मागचं उगाळण्यातच जायचा. तीन तासांचे हातात दोनच उरायचे. आठ आठवड्यांत असे आठ तास जातात, म्हणजे सव्वा आठवड्याहून जास्त अभ्यास.

हाताने करून पाहणं

इथे मात्र पन्नास मिनिटं तोकडी पडतात. चौथ्या रविवारी काय झालं ते सविस्तर सांगतो, कारण एका बैठकीत तिचे तीन विषय पक्के झाले.

तिने मुंबई रीजनमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या मुंबईतल्या डेटा सेंटरांच्या गटात, सगळ्यात लहान इन्स्टन्स, म्हणजे भाड्याचा सर्व्हर, सुरू केला, पाच मिनिटांनी टर्मिनेट केला आणि आता क्लाउडट्रेलमध्ये आपली नोंद शोधू म्हणाली. इव्हेंट हिस्टरी उघडली, इव्हेंट नेममध्ये `TerminateInstances` टाकलं. यादी रिकामी. थोडा उशीर लागतो हे माहीत होतं, म्हणून दहा मिनिटं थांबलो. तरी रिकामीच. मग वरच्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं, तिथे `N. Virginia` दिसत होतं. मधे कधीतरी रीजन बदलला होता आणि ही यादी एका वेळी एकाच रीजनची दिसते. मुंबई निवडल्याबरोबर नोंद समोर आली. रीजन म्हणजे काय, हे तिला त्यानंतर पुन्हा वाचावं लागलं नाही.

नोंदीत यूझर नेमच्या रकान्यात `root` लिहिलं होतं. ती इतके दिवस मालकाच्या किल्लीने सगळी कामं करत होती. ‘दादा, उद्या चार जणं याच नावाने शिरली तर कोणी उडवलं ते कळणारच नाही ना?’ तिने विचारलं. बरोबर हेच कारण. तिथेच तिने रूटला एमएफए, म्हणजे पासवर्डवर दुसरी पडताळणी, लावलं, रोजच्या कामासाठी वेगळा यूझर केला आणि त्याला लागतील तेवढेच अधिकार दिले. या सगळ्याला एक तास चाळीस मिनिटं लागली. हेच दोन रात्रींत तोडलं असतं तर रिकाम्या यादीपाशीच पहिली रात्र संपली असती.

म्हणून रोजची योजना घेणाऱ्याने रविवारचे दोन तास व्हिडिओंना द्यायचे नाहीत, ते फक्त कन्सोलसाठी राखायचे. शनिवार-रविवारवाल्याला ही सोय आपोआप मिळते, त्याच्या बाजूची ही सगळ्यात मोठी जमेची गोष्ट.

दोघांनीही पहिल्याच दिवशी बजेट अलर्ट लावावा. पण बजेट खर्च थांबवत नाही, नुसतं कळवतं, आणि तेही लगेच नाही. त्याचे आकडे काही तासांनी ताजे होतात. इन्स्टन्स `Stop` केला तरी त्याला जोडलेल्या डिस्कचं भाडं चालू राहतं. सराव संपला की `Terminate` करायचं, आणि दुसऱ्या दिवशी बिलिंगचं पान उघडून काही मागे राहिलं का ते पाहायचं. बिलिंगचा १२ टक्क्यांचा भाग असं रोज पान पाहूनच निम्मा तयार होतो.

आठवडा हुकला तर

मंगळवार हुकला तर रोजच्या योजनेत पन्नास मिनिटं जातात. शनिवारी लग्न निघालं तर दुसऱ्या योजनेचा अर्धा आठवडा जातो, आणि आपल्याकडे हंगामात शनिवार-रविवार कोणाचे मोकळे असतात? सुरू करण्याआधी कॅलेंडरवर पुढच्या आठ आठवड्यांतली लग्नं, सण, गावी जाणं खुणा करून पाहा. दोनपेक्षा जास्त वीकेंड अडकत असतील तर दुसरी योजना घेऊच नका.

पण तुमची शिफ्ट दर आठवड्याला बदलत असेल, रात्रपाळी असेल, तर उलटं. बहिणीच्या फ्लोअरवरच्या एका सहकाऱ्याने रोजची योजना दोन आठवडे रेटून पाहिली. रात्रपाळीनंतर सकाळी आठला व्हिडिओ लावायचा, आणि नंतर विचारलं तर आठवायचं काहीच नाही. त्याने सुट्टीच्या दोन दिवसांवर सगळा अभ्यास नेला आणि मधल्या दोन दिवशी फक्त पंधरा मिनिटं वही चाळायची ठेवली. ही पंधरा मिनिटं मी तेव्हा ठेवली असती तर शनिवारचे ते उगाळण्याचे तास बरेच वाचले असते.

क्रम आणि शेवटचे दोन आठवडे

बहुतेक जण कॉम्प्युट, स्टोरेज, डेटाबेस असा प्रवास करत सुरक्षेला सहाव्या आठवड्यात पोचतात. मी सुरक्षा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घ्यायला सांगेन. ३० टक्के वजन आहे हे झालंच, पण सामायिक जबाबदारीचं मॉडेल, म्हणजे सुरक्षेचं कुठलं काम एडब्ल्यूएसचं आणि कुठलं आपलं, हे आधी कळलं की पुढची प्रत्येक सेवा त्या नजरेने वाचता येते. ईसीटूच्या भाड्याच्या सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिमचे पॅच कोण टाकणार? आपण. आरडीएसच्या डेटाबेसमध्ये? एडब्ल्यूएस. लॅम्डामध्ये तर सर्व्हर आपल्याला दिसतही नाही, पण कोड आणि त्याचे अधिकार आपलेच. मग चौथा-पाचवा आठवडा सेवांना, सहावा बिलिंग, सपोर्ट आणि राहिलेल्या जोड्यांना.

सातव्या-आठव्या आठवड्यात दोन्ही योजना एकच होतात. पूर्ण सराव परीक्षा तोडून देण्यात अर्थ नाही; ६५ प्रश्न सलग ९० मिनिटांत, म्हणून ती सुट्टीच्याच दिवशी. मधल्या दिवशी फक्त चुकांची तपासणी. बहिणीला पहिल्या खेपेला ६५ पैकी ४१ आले. चुकलेल्या २४ मध्ये १३ ठिकाणी तिने दोन सारख्या सेवांमध्ये चुकीची उचलली होती, म्हणजे नवीन धडा न घेता वहीच पुन्हा पाहायची होती. प्रत्येक चुकीसमोर तिने बाकीचे तीन पर्याय का नाहीत तेही लिहिलं. पुढच्या रविवारी नव्या संचात ५४ आले. तोच संच पुन्हा सोडवला तर गुण वाढतातच, कारण उत्तरं पाठ झालेली असतात. ते गुण धरू नका. न पाहिलेल्या दोन संचांत ऐंशी टक्क्यांच्या वर गेलात की तयार समजा. तिथे सत्तरच्या आसपास अडकलात तर तारीख पुढे न्या; चोवीस तास आधीपर्यंत ती बदलता येते. नापास झालं तर चौदा दिवस थांबून पुन्हा शंभर डॉलर आणि वर कर भरावा लागतो.

तारीख पाचव्या आठवड्यात घ्या, पण त्याआधी एक काम. इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्यांना तीस मिनिटं जास्तीची मिळतात. ती बुकिंगच्या आधी खात्यातून मागावी लागते, नंतर त्या बुकिंगला लागू होत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी संकोच न करता मागावी. लांबलचक प्रश्न दोनदा वाचायला मिळाला की फरक पडतो.

घरून द्यायची तर बंद खोली, रिकामं टेबल, मधे कोणी आत यायचं नाही आणि इंटरनेट अखंड हवं. एकत्र कुटुंबात, त्यातही मे महिन्यात दुपारी लाइट जाण्याची धाकधूक असताना, मी परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यूच्या यादीत परीक्षा केंद्र शोधेन. बहिणीने केंद्रच घेतलं, सकाळचा स्लॉट, आणि तिथे पोचेपर्यंत मेट्रोत ती वहीच चाळत होती.