हळदी महेश्वरी, डाळिंबी काठ : ब्लाउज बॉटल ग्रीन, मोरपंखी, राणी की वांगी?

माझ्याकडे हळदी रंगाची महेश्वरी आहे, काठ डाळिंबी, आणि पुढच्या महिन्यात मावसबहिणीचं लग्न इथेच इंदूरला. साडीसोबत आलेला ब्लाउजपीस हळदीच आहे, तो शिवला तर वरपासून खालपर्यंत सगळं पिवळं दिसेल म्हणून तो बाजूला ठेवला. काठाच्याच डाळिंबी रंगाचा ब्लाउज हा सगळ्यात सोपा मार्ग आहे आणि वाईटही दिसत नाही, पण मग खांद्यावरचा काठ ब्लाउजमधेच मिसळून जातो आणि विणकराने काठात घातलेली ईंट किंवा हीरा नक्षी कुणाला दिसतच नाही. मला काठ उठून दिसायला हवा होता, म्हणून साडी पिशवीत घालून शीतलामाता बाजार गाठला आणि चार रंगांचे तुकडे काठाला लावून बघितले.

आधी एक सांगते. ब्लाउजचा रंग आपण साडीच्या अंगाशी लावून बघतो, पण पदर पिनअप केला की खांद्याजवळ आणि पाठीवर ब्लाउजला टेकतो तो काठ. खरी लढाई तिथेच होते. तिथे दोन गोष्टी बघायच्या, रंग किती वेगळा आहे आणि गडदपणा किती वेगळा आहे. दोन्हींपैकी एकात तरी चांगलं अंतर पाहिजे. दोन्हींत थोडंथोडंच अंतर असेल तर तो कॉन्ट्रास्टही नाही आणि मॅचिंगही नाही, बघणाऱ्याला वाटतं हिला मॅचिंग करायचं होतं पण जमलं नाही.

राणी रंगाचं नेमकं हेच होतं. हळदीवर राणी एकदम खुलतो, दुकानदार पहिला तोच थान उघडतो, "दीदी, यही चल रहा है" म्हणतो, आणि अंगाशी लावून बघितलं तर तो बरोबरही असतो. पण डाळिंबी काठाशेजारी ठेवा. डाळिंबी म्हणजे लालाकडून तपकिरीकडे झुकलेला, राणी म्हणजे लालाकडून निळ्याकडे झुकलेला. दोघं एकाच घरातले आणि तोंडं दोन दिशांना, म्हणून शेजारी आले की डाळिंबी मळकट दिसतो आणि राणी भडक. मी चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका साडीवर हे केलंय, दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली दोन्ही छान वाटले होते, शिवून आल्यावर अंगणात उभी राहिले तेव्हा कळलं, तो ब्लाउज पुन्हा त्या साडीवर घातला नाही.

वांगी रंगाचं जरा वेगळं आहे. पिवळा आणि जांभळा समोरासमोरचे रंग, त्यामुळे अंगाशी याची जोडी चौघांत सगळ्यात जोरदार. काठाशी मात्र अडचण येते कारण वांगी पण गडद, डाळिंबी पण गडद, आणि दोघांतही लाल आहेच. दिवसा उन्हात फरक दिसतो, पण हॉलमधल्या पिवळ्या लाइटमधे जांभळ्यातला निळा मरतो आणि उरतो तो तपकिरी, म्हणजे काठ आणि ब्लाउज एकच होऊन बसतात. सकाळच्या मुहूर्ताला वांगी चालेल, रात्रीच्या रिसेप्शनला मी नाही घेणार. काठ हिरवा असता तर डोळे मिटून वांगीच घेतला असता.

आता उरले दोन, आणि खरा विचार इथेच करावा लागला.

बॉटल ग्रीन हा आपल्याकडचा जुना आणि भरवशाचा रंग, लाल काठ आणि हिरवा ब्लाउज आईने, आजीने सगळ्यांनी घातलेला. लाल आणि हिरवा समोरासमोरचे, म्हणून रंगाचं अंतर भरपूर. पण फोनवर काठ आणि तुकडा शेजारी ठेवून फोटो काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, दोन्ही जवळजवळ सारखेच काळपट येतात. म्हणजे जवळून सुंदर, पण दहा-बारा फुटांवरून किंवा मंद लाइटमधे काठाची रेघ हरवते. आणि म्हणून हिरवा थोडा उजळ घेऊ, पोपटी घेऊ असं करू नका हं, उजळ चटक हिरवा लालाशेजारी आला की कडेवर डोळ्यासमोर थरथरल्यासारखं होतं, ते बॉटल ग्रीनमधे होत नाही कारण तो दबलेला आहे.

मोरपंखी त्याच फोटोत डाळिंबीपेक्षा स्पष्ट उजळ आला. रंग वेगळा आणि गडदपणाही वेगळा, त्यामुळे काठ लांबूनही कळतो. पिवळ्या लाइटमधे तो थोडा हिरव्याकडे सरकतो, पण सरकला तरी डाळिंबीपासून लांबच राहतो, वांगीसारखा जवळ येत नाही. याची अडचण एकच, मोरपंखी चकचकीत सॅटिनमधे घेतला तर तो साडीच्याच अंगावर येतो. महेश्वरीचा ताणा रेशमी आणि बाणा सुती, तिची चमक मंद असते, तिच्यावर ब्लाउजही मंद पाहिजे. मी टू बाय टू रुबियात बघितला, तिथे तो शांत दिसला.

मावशीचं मत बॉटल ग्रीन. "अगं, लग्नघरात हिरवा ब्लाउज शोभतो, आणि काठ काय लांबून बघायचाय का कुणाला?" तिचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं जरीवर अवलंबून आहे. काठाची अगदी बाहेरची कड नीट बघा. तिथे जरीची रेघ असेल तर डाळिंबी आणि ब्लाउज एकमेकांना टेकतच नाहीत, मधे सोनेरी रेघ येते, मग बॉटल ग्रीनमधेही काठ सुटा दिसतो. मावशीच्या साडीला तशी रेघ आहे. माझ्या साडीची जरी आतल्या बाजूला, अंगाकडे आहे, बाहेर नुसता डाळिंबी, म्हणून माझ्यासाठी मोरपंखी. बाहीचाही विचार करा, कोपरापर्यंत बाही असेल तर ब्लाउजचा रंग खूप दिसतो, तेव्हा बॉटल ग्रीन भारदस्त वाटतो आणि मोरपंखी जरा जास्त होतो. मी बाही छोटी ठेवतेय.

तुकडा नक्की करताना दुकानाबाहेर रस्त्यावर येऊन उजेडात काठाशेजारी धरून बघा, दुकानदार नाही म्हणत नाहीत, आणि नुसता एक धागा किंवा फोटो घेऊन जाऊ नका, साडीच न्या. महेश्वरीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्याचा असला की हलवल्यावर रंग बदलतो, तो फोटोत येत नाही. मी एक मीटर घेतला, रात्रभर पाण्यात भिजवला म्हणजे जे आटायचं ते शिवण्याआधीच आटेल. वाळायच्या आधी पांढरा रुमाल त्याच्यावर दाबून घासला, रुमालाला हलका हिरवट डाग आला. म्हणून अजून दोनदा धुतला, तिसऱ्यांदा रुमाल कोरा निघाला तेव्हाच शिवायला दिला, कारण घामाने हा रंग हळदी पदरावर उतरला असता तर साडीच गेली असती.