परदेशातल्या मंडळाचं निमंत्रण: अमेरिकेचं पत्र स्वीकारावं की इंग्लंडचं?

समजा, सांगलीची २३ वर्षांची गायिका आहे. संगीतात एम.ए. झालेली, आकाशवाणीची बी ग्रेड मिळवलेली, अभंग आणि नाट्यसंगीताचे कार्यक्रम करणारी. सप्टेंबरातल्या वार्षिक स्नेहसंमेलनासाठी तिला मार्चमध्ये दोन निमंत्रणपत्रं आली आहेत. अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळाचं पत्र म्हणतं: तीन आठवड्यांत चार गावांत चार कार्यक्रम, प्रत्येकी १,५०० डॉलर, येण्याजाण्याचं तिकीट, राहणं-जेवण सभासदांच्या घरी. इंग्लंडमधल्या मंडळाचं पत्र लहान आहे: एका शनिवारी अडीच तासांचा एकच कार्यक्रम, ९०० पौंड, तिकीट आणि पाच दिवस राहण्याची सोय. तारखा एकमेकींवर येतात, त्यामुळे एकालाच हो म्हणता येईल.

आकडे पाहिले तर अमेरिकेचं पत्र सरस वाटतं. पण मानधनाच्या ओळीआधी व्हिसाची ओळ वाचावी, कारण मानधन हातात पडणार की नाही हे त्या ओळीवरच ठरतं.

अमेरिकेच्या पत्रातली ती ओळ

अशा पत्रांत बऱ्याचदा असा मजकूर असतो: “आपण पर्यटक व्हिसावर यावे. कार्यक्रमानंतर मंडळातर्फे स्नेहभेट देण्यात येईल.” लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. कार्यकारिणी दरवर्षी बदलते आणि ‘मागच्या वेळी असंच केलं होतं’ यावर काम चालतं. तरीही या ओळीवर हो म्हणू नये. व्यावसायिक कलाकाराला अमेरिकेत व्यवसायभेटीच्या बी-१ किंवा पर्यटनाच्या बी-२ व्हिसावर कार्यक्रम करता येत नाही, मग पैसे घ्या अथवा घेऊ नका. जे अपवाद आहेत ते अगदी अरुंद आहेत. स्वतःच्या देशाच्या सरकारने सगळा खर्च करून पाठवलेला, तिकीट न लावलेला सांस्कृतिक कार्यक्रम हा एक. बिनमानधनाची स्पर्धा हा दुसरा. हौशी कलाकाराला विनामोबदला गाण्यासाठी बी-२ चालतो, पण आकाशवाणीची ग्रेड असलेल्या आणि पोस्टरवर नाव छापलेल्या गायिकेला हौशी म्हणवून घेता येणार नाही. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मंडळाच्या जाहिरातीत तिचा फोटो आणि तिकिटाचे दर पाहिले, तर तिथूनच परत यावं लागू शकतं. मग पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात ते लिहावं लागतं.

योग्य रस्ता म्हणजे पी-३ व्हिसा. विशिष्ट संस्कृतीची कला सादर करणाऱ्या आणि शिकवणाऱ्या कलाकारांसाठी तो असतो. यात पहिलं पाऊल गायिकेचं नसून मंडळाचं असतं. मंडळाने अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे आय-१२९ ही याचिका दाखल करायची. सोबत करारपत्र, गावं आणि तारखांचं वेळापत्रक, कलेचं वेगळेपण सांगणारी जाणकारांची पत्रं आणि अमेरिकेतल्या संबंधित कामगार संघटनेचं मत जोडायचं. नफा न कमावणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला २०२४ च्या दरांप्रमाणे या याचिकेचं शुल्क ५१० डॉलर आहे. वकील केला तर त्याची फी वेगळी. जादा शुल्क भरलं तर १५ कामकाजी दिवसांत उत्तर मिळतं, नाहीतर महिने जातात. मंजुरी आली की गायिका मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला जाते. सप्टेंबरच्या कार्यक्रमासाठी मार्चमध्ये याचिकेची तयारी सुरू झाली तर जमतं. जूनमध्ये पत्र आलं आणि त्यात याचिकेचा उल्लेखही नाही, तर त्या वर्षीचा विषय बहुधा संपला.

पी-३ चा एक परिणाम कार्यक्रमाच्या यादीवर होतो आणि तो मंडळांच्या सहसा लक्षात येत नाही. याचिकेत १८८० पासूनच्या संगीत नाटकाच्या परंपरेचा आणि वारकरी अभंगांचा दाखला द्यायचा आणि प्रत्यक्षात उत्तरार्ध हिंदी चित्रपटगीतांचा ठेवायचा, हे बसत नाही, कारण या व्हिसावरचे सगळेच कार्यक्रम त्या सांस्कृतिक कलेचे असावे लागतात. तेव्हा ‘शेवटी थोडी हिंदी गाणी घ्याल ना?’ हा प्रश्न याचिकेआधीच मिटवावा. तसंच, दौऱ्यात कुणी घरगुती बैठक ठेवून पाकीट देऊ केलं, तर ती याचिका करणाऱ्या मंडळामार्फतच ठरलेली असावी. यजमानांच्या मित्रांनी परस्पर ठरवलेली बैठक नाकारणं अवघड जातं, म्हणून मंडळालाच सगळ्यांना आधी सांगायला लावावं.

इंग्लंडचं पत्र का सोपं, आणि कुठे कच्चं

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून साध्या व्हिजिटर व्हिसावरच ठरावीक मानधनाचा कार्यक्रम करता येतो. अटी मोजक्या आहेत: वय १८ पूर्ण हवं, कार्यक्रम प्रवासाआधी ठरलेला हवा, देशात पोचल्यापासून ३० दिवसांत व्हायला हवा आणि गायन हा अर्जदाराचा व्यवसाय असायला हवा. मंडळाला कुठली याचिका करावी लागत नाही, सगळा भार निमंत्रणपत्रावर असतो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात.

मात्र दोन ठिकाणी हे पत्र अडू शकतं. निमंत्रण देणारी संस्था कला किंवा करमणुकीच्या क्षेत्रातली असावी, असं नियम सांगतो. ‘महाराष्ट्र मंडळ’ या नावावरून व्हिसा अधिकाऱ्याला काहीच बोध होत नाही. त्यामुळे पत्रात संस्थेचा नोंदणी क्रमांक, घटनेतला सांस्कृतिक कार्याचा उद्देश आणि गेल्या दोन-तीन वर्षांत ठेवलेले संगीताचे कार्यक्रम यायला हवेत. दुसरी अडचण गायिकेच्या बाजूची आहे. ती बँकेत नोकरी करून गात असेल किंवा अजून शिकत असेल, तर व्यवसायाचा पुरावा पातळ पडतो. आकाशवाणीचं ग्रेडपत्र, तारखांसह छापलेली पोस्टरं, मानधनाच्या पावत्या, वर्तमानपत्रातली परीक्षणं आणि प्राप्तिकर विवरणपत्र असं सगळं एकत्र लावावं. निव्वळ यूट्यूबच्या दुव्यांनी काम भागत नाही.

पुरावा खरोखरच तोकडा असेल तर इंग्लंडमध्ये एक सरळ वाट उरते: मानधन न घेता, फक्त प्रवास आणि राहण्या-जेवण्याचा खर्च घेऊन गाणं. व्हिजिटर व्हिसावर कलाकाराला हे करता येतं. दोन देशांतला सगळ्यांत मोठा फरक हाच आहे. खर्चापुरतं निमंत्रण इंग्लंडसाठी वैध ठरतं; अमेरिकेसाठी तेच पत्र व्यावसायिक गायिकेला अडचणीत टाकतं.

हातात किती पडतं

अमेरिकेत चार कार्यक्रमांचे ६,००० डॉलर. परदेशी कलाकाराच्या मानधनातून मंडळाला सहसा ३० टक्के कर कापून घ्यावा लागतो, म्हणजे १,८०० डॉलर गेले आणि ४,२०० उरले. भारत-अमेरिका करविषयक करारात कलाकारांसाठी सूट आहे, पण ती वर्षाच्या निव्वळ १,५०० डॉलरपर्यंतच, त्यामुळे या दौऱ्याला ती लागू होणार नाही. कापलेल्या कराचं श्रेय भारतात विवरणपत्र भरताना मागता येतं. त्यासाठी मंडळाकडून १०४२-एस हे प्रमाणपत्र मिळायला हवं, आणि ते देण्याची जबाबदारी कुणाची हे पत्रातच नमूद असावं. चार मंडळं चार धनादेश देणार असतील, तर चारही प्रमाणपत्रांचा पाठपुरावा करावा लागेल. याचिका करणाऱ्या मंडळानेच सगळ्यांकडून पैसे गोळा करून एकरकमी द्यावेत, ही मागणी रास्त आहे.

इंग्लंडमध्ये एका करवर्षात कलाकारावर होणारा खर्च तिकिटासकट १२,५७० पौंडांच्या आत असेल, तर कर कापावा लागत नाही. त्यामुळे ९०० पौंड पूर्ण मिळतात. भारतात दोन्ही उत्पन्नं दाखवायचीच असतात.

म्हणजे कापून-सवरूनही अमेरिकेत जास्त मिळतं, यात शंका नाही. पण ते तीन आठवड्यांचं काम आहे. कार्यक्रम शनिवार-रविवारीच होतात, मधले दिवस अनोळखी घरांत जातात. रोज नवे यजमान, रोज गप्पा आणि ‘एखादं म्हणा ना’चा आग्रह. कोरड्या हवेत घसा बसला तर पुढचे तीन कार्यक्रम धोक्यात येतात. पत्रात हॉटेल नाही तरी निदान स्वतंत्र खोली आणि कार्यक्रमाआधीचा पूर्ण दिवस मोकळा, एवढं लिहून घ्यावं.

“साथसंगतीची सोय केली जाईल”

हे वाक्य दोन्ही पत्रांत आहे आणि दोन्हीकडे अपुरं आहे. वादक कोण, सराव किती वेळ, वाद्यं कुठल्या पट्टीची, हे विचारलंच पाहिजे. आपली गायिका काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून गाते असं धरू. तबला काळी चारातच लावायचा तर मोठ्या तोंडाचा लागतो. काळी एकात, म्हणजे तिच्या मध्यमात लावायचा तर सव्वापाच ते साडेपाच इंची पुडीचा चालतो. स्थानिक तबलजीकडे बहुधा एकच तबला असतो आणि तो तिच्या पट्टीत बसेलच असं नाही. संध्याकाळी ध्वनिचाचणीच्या वेळी हे कळलं, तर तबला ओढून-ताणून वर चढवतात आणि तासाभरात तो उतरतो. पेटीचंही तसंच: मंडळाच्या कपाटात वर्षभर पडून राहिलेल्या पेटीचा एखादा सूर अडकलेला किंवा सतत वाजणारा निघतो. दोन महिने आधी वादकाने त्याच वाद्यावर तिची पट्टी वाजवून ध्वनिमुद्रण पाठवावं, म्हणजे प्रश्न मिटतो.

इथे इंग्लंडचं पत्र वरचढ ठरतं, कारण वादकांचा एकच संच असतो आणि आदल्या दिवशी त्यांच्यासोबत तीन तास बसता येतं. अमेरिकेत चार गावांत चार वेगळे तबलजी आले, तर नाट्यपदांच्या जागा प्रत्येक वेळी नव्याने समजावून द्याव्या लागतात. निदान पेटीवाला चारही गावांत एकच असावा. वादक भारतातून न्यायचे असतील तर तेही सुरुवातीलाच ठरवावं, कारण त्यांचीही याचिका करावी लागते.

उत्तर काय द्यावं

पहिल्याच परदेश दौऱ्यासाठी, सप्टेंबरचा कार्यक्रम आणि मार्चचं पत्र असेल तर, आमचा कौल अमेरिकेला एकाच अटीवर आहे: मंडळाने एप्रिलअखेर याचिका दाखल झाल्याची पावती पाठवावी. ‘याचिका नको, पर्यटक व्हिसावरच या’ असं उत्तर आलं, तर आभार मानून नकार द्यावा आणि त्याच दिवशी इंग्लंडला होकार कळवावा. इंग्लंडच्या मंडळाला मार्चमध्येच खरी परिस्थिती सांगून ३० एप्रिलपर्यंत मुदत मागावी. त्यांनाही सभागृहाचं आरक्षण आणि पत्रिका छापायच्या असतात, त्यामुळे त्यापेक्षा जास्त ताणू नये.

होकार कुणालाही दिला तरी पत्र सुधारून मागवावं. त्यात कार्यक्रमाची तारीख आणि सभागृह, मानधनाचा आकडा आणि चलन, तिकीट कोण व केव्हा काढणार, आणि कार्यक्रम रद्द झाला तर काय, हे सगळं स्पष्ट हवं. पी-३ वर आलेल्या कलाकाराचं काम मुदतीआधी थांबवलं, तर परतीच्या प्रवासाचा खर्च बोलावणाऱ्या संस्थेवर कायद्यानेच येतो. इंग्लंडच्या पत्रात मात्र ही तरतूद लिहून घ्यावी लागते. व्हिसा नाकारला गेला तर अर्जाचं शुल्क कुणाच्या खिशातून जाणार, हेही त्याच पत्रात ठरवून टाकावं; आणि तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढावं.