८ महिने वापरल्यावर: इअरबड्सचा आवाज उशिरा का येतो आणि कोडेक बदलून काय होतं

दिवाळीच्या सेलमधे २८०० ला घेतलेले इअरबड्स आहेत, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मी जे सांगणार आहे ते या किमतीतल्या बहुतेक बड्सना लागू पडतं. डोंबिवली ते दादर रोजची लोकल, त्यात गाणी आणि युट्यूब, रात्री लॅपटॉपवर पिक्चर. पहिले तीन महिने मला काहीच खटकलं नाही. मग एका रविवारी मुलीने (११ वर्षांची, कीबोर्डचा क्लास लावलाय) माझ्या फोनवर पियानोचं ॲप उघडलं, माझे बड्स कानात घातले आणि दोन मिनिटांत काढून दिले. म्हणाली, "आई, मी दाबते आत्ता आणि आवाज नंतर येतो, मला वाजवताच येत नाहीये."

मी म्हटलं असं कसं, मी तर यावर रोज व्हिडिओ बघते, ओठ आणि आवाज अगदी बरोबर जुळतात. तिथून मी या सगळ्याच्या मागे लागले, कारण बॉक्सवर मोठ्या अक्षरात गेम मोडमधे ६० मिलिसेकंद लो लेटन्सी, म्हणजे आवाज तेवढाच उशिरा, असं लिहिलंय.

आधी ते जुळतात कसे ते सांगते. व्हिडिओ चालू असताना फोनला पुढचं सगळं आधीच माहीत असतं, चित्रही आणि आवाजही. बड्स फोनला कळवतात की माझ्याकडे आवाज इतका उशिरा वाजतो, मग ॲप चित्रच तेवढं मागे धरून ठेवतं. म्हणजे डिले गेलेला नसतो, फक्त चित्रालाही तेवढाच उशीर केलेला असतो म्हणून आपल्याला कळत नाही. पियानोच्या ॲपमधे हे शक्यच नाही, कारण मुलगी कुठली पट्टी कधी दाबणार हे फोनला आधी माहीत नसतं. गेमचंही तसंच, आणि फोनच्या कीबोर्डच्या टकटक आवाजाचंही तसंच. त्यामुळे तुमच्या बड्सचा खरा डिले बघायचा असेल तर युट्यूबवर बघू नका, काहीतरी बोटाने वाजवून बघा.

मी तो मोजला. पद्धत सोपी आहे आणि घरी कोणालाही जमेल. पियानोचं ॲप उघडून एक बड नवऱ्याच्या फोनच्या माइकजवळ ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि काचेवर नखाने पट्टी दाबली, म्हणजे नखाचा टक् असा आवाज आणि त्यानंतर बडमधून आलेला सूर दोन्ही एकाच रेकॉर्डिंगमधे आले. ती फाइल लॅपटॉपवर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमधे उघडली की दोन टोकं वेगवेगळी दिसतात, त्यांच्यातलं अंतर म्हणजे डिले. प्रत्येक वेळी दहा वेळा दाबून सरासरी काढली. आधी बड्स बंद करून नुसत्या फोनच्या स्पीकरवर मोजलं तर ८० मिलिसेकंद आलं, हा उशीर टचस्क्रीनचा आणि ॲपचा स्वतःचा, त्याचा ब्लूटूथशी संबंध नाही, तो वजा करायलाच हवा नाहीतर बड्सवर उगाच आळ येतो. बड्सवर आलं ३१०. म्हणजे ब्लूटूथचे निव्वळ २३०.

२३० ऐकायला लहान वाटतं. पण क्लासमधे १२० च्या टेम्पोवर धडा असतो, तिथे एक बीट ५०० मिलिसेकंदांचा, म्हणजे सूर जवळजवळ अर्धा बीट मागे. अशाने कोणाचाही हात अडखळेल, तिची तक्रार अगदी खरी होती.

आता कोडेक. ब्लूटूथवरून आवाज पाठवताना तो दाबून लहान करावा लागतो, तो ज्या पद्धतीने दाबतात ती पद्धत म्हणजे कोडेक. एसबीसी गाणी ऐकायच्या सगळ्या ब्लूटूथ हेडफोनमधे असतोच, एएसी बहुतेकांत असतो, ॲपटेक्स आणि एलडॅक काहींमधेच. फोन आणि बड्स दोघांकडे असेल तोच चालतो, नसेल तर गपचूप एसबीसीवर येतं. आयफोनवाल्यांनी तर बड्सच्या बॉक्सवर एलडॅक किंवा ॲपटेक्स बघून जास्त पैसे देऊच नयेत, आयफोन त्यातलं काही वापरत नाही, तिथे एएसीच चालतो. अँड्रॉइडमधे कुठला चालू आहे ते बघायचं असेल तर सेटिंगमधे `Build number` वर सात वेळा टॅप करायचं, मग `Developer options` येतं, त्यात `Bluetooth audio codec` मधे दिसतं. बड्स जोडलेले असतानाच बघा.

माझ्याकडे एएसी चालू होता. मी बॉक्सवरचा तो गेम मोड लावला (डावा बड तीनदा टॅप) आणि परत मोजलं. एकूण १९०, म्हणजे ब्लूटूथचे ११०. बॉक्सवरचे ६० काही आले नाहीत, पण डिले निम्म्याहून कमी झाला हे खरं. आणि मला सगळ्यात नवल याचं वाटलं की सेटिंगमधे बघितलं तर कोडेक तोच, एएसीच! मग कमी झालं काय?

कमी झाला तो बफर. ब्लूटूथने आवाज सलग येत नाही, तुकड्या-तुकड्यांनी येतो, एखादा तुकडा वाटेत खराब झाला तर परत मागवावा लागतो, म्हणून बड्स थोडा आवाज साठवून ठेवतात आणि मग वाजवतात. गच्चीवरच्या टाकीसारखं आहे हे. पाणी येत-जात राहतं पण टाकी भरलेली असली की नळ चालू राहतो, फक्त आत्ता चढलेलं पाणी नळाला यायला वेळ लागतो. गेम मोड म्हणजे लहान टाकी. कोडेकचा स्वतःचा वाटा त्यामानाने थोडा असतो, एएसीचा एक तुकडा १०२४ सॅम्पलचा, म्हणजे साधारण २३ मिलिसेकंद, एसबीसीचा तर जेमतेम ३. आवाज दाबायला आणि उलगडायला अजून थोडा वेळ जातो हे धरलं तरी २३० मधला मोठा भाग साठवणुकीचाच आहे. त्यामुळे "एसबीसी आहे म्हणून लॅग येतो, एएसी घ्या" असं दुकानात सांगतात ते मला पटत नाही. मी फोन एसबीसीवर टाकून मोजलं तर ब्लूटूथचे निव्वळ २१० आले, म्हणजे थोडा कमीच.

लहान टाकीची किंमत मला दादरला कळली. गेम मोड चालूच राहिला होता, संध्याकाळी पुलावर शिरल्यावर दर पाच-सात सेकंदांनी गाणं तुटायला लागलं, फोन पर्समधे आणि पर्स काखेत घट्ट धरलेली. आजूबाजूला शेकडो लोकांचे ब्लूटूथ, वायफाय सगळं त्याच २.४ गिगाहर्ट्झमधे, त्यात माणसाचं शरीर हे सिग्नल शोषून घेतं, म्हणजे गर्दीत दोन्ही बाजूंनी मार. गेम मोड काढला आणि त्याच पुलावर परत काही तुटलं नाही. तुमचे बड्स गर्दीतच तुटत असतील आणि घरी चांगले चालत असतील तर खराब आहेत म्हणून परत करायच्या आधी हे बघा.

लॅपटॉपवरचा अनुभव वेगळा. तिथे पिक्चर बघताना ओठ जुळत नव्हते, माझ्या लॅपटॉपला बड्सचा खरा डिले कळतच नसावा. हे ओळखायची माझी एक युक्ती आहे, बोलणाऱ्याचा चेहरा जवळून दिसत असेल तेव्हा प, ब, म ही अक्षरं बघायची. यांना ओठ मिटावेच लागतात, ओठ उघडल्यावर "म" ऐकू आला की समजायचं आवाज मागे आहे. टीव्ही प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत असं दिलंय की आवाज साधारण १२५ मिलिसेकंद मागे पडला तर माणसाच्या लक्षात येतं, पण पुढे गेला तर ४५ लाच येतं. मला हे पटलं, कारण लांबचा आवाज उशिरा येणं आपल्या सवयीचं आहे, धोबी कपडा आपटताना आधी दिसतो मग ऐकू येतो, पण उलटं कधीच होत नाही.

व्हीएलसीमधे यावर सोय आहे. पिक्चर चालू असताना `J` दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो, `K` दाबलं की ५० मागे जातो. मी चार वेळा `J` दाबते, म्हणजे २००, आणि ओठ जुळतात. फक्त मधेच बड्स काढून स्पीकरवर लावलं तर आवाज चित्राच्या पुढे पळतो, तेव्हा चार वेळा `K`.

नुसती गाणी ऐकायला डिलेचा काहीच त्रास नाही, पॉज दाबल्यावर गाणं क्षणभर चालू राहतं एवढंच. तिथे प्रश्न क्वालिटीचा. नवऱ्याच्या महागातल्या बड्सना एलडॅक आहे, त्यात ३३०, ६६० आणि ९९० किलोबिट असे तीन टप्पे. त्याने माझ्या पाठीमागे बसून न सांगता बदलायचं आणि मी ओळखायचं असं आम्ही केलं, तानपुरा आणि टाळ असलेलं एक भजन घेऊन, वीस वेळा. ६६० आणि ९९० मधला फरक मला अजिबात ओळखता आला नाही. एसबीसी मात्र टाळ वाजले की बहुतेक वेळा ओळखू आला, टाळांचा झंकार जरा खरखरीत होतो. हे मूळ फाइल चांगली होती तेव्हा. युट्यूबवर आवाज मुळातच दाबलेला येतो, एलडॅकने त्यात नवीन काही भरलं जात नाही, तिथे मला काहीच फरक जाणवला नाही. आणि ९९० वर दादरला त्याचेही बड्स तुटले, म्हणून त्याने आता ६६० वरच ठेवलंय.

मुलीसाठी शेवटी टाइप सी चे ४०० रुपयांचे वायरवाले इअरफोन आणले. त्यावर तीच मोजणी केली तर ८५ आलं, म्हणजे स्पीकरएवढंच. गेम मोडच्या १९० वरही तिने एकदा धडा वाजवून बघितला होता, सावकाश असेल तर जमतं म्हणाली, पण दुसऱ्या ओळीला वेग वाढला की परत मागे पडत होती. आता वायरीवर दोन्ही ओळी सलग होतात, बड्स माझे मला परत मिळालेत आणि लोकलमधे गेम मोड बंद.