एका शर्यतीत तीन घोडे, कोणीही जिंकला तरी तेवढाच नफा: सात महिन्यांचा डचिंगचा अनुभव

लेस्टरला राहतो. हिवाळ्यात इथे संध्याकाळी वुल्व्हरहॅम्प्टनच्या कृत्रिम ट्रॅकवर दिव्यांच्या उजेडात शर्यती होतात, आणि ऑफिसातून आल्यावर त्यातल्या एकदोन बघायची मला सवय आहे. पूर्वी एकाच घोड्यावर पैसे लावायचो. गेले सात महिने डचिंग करतोय, म्हणजे एकाच शर्यतीतल्या तीन घोड्यांवर रक्कम अशी वाटायची की तिघांपैकी कोणीही जिंकला तरी हातात सारखीच रक्कम यावी. 64 शर्यतींचा हिशेब वहीत आहे, त्यावरूनच लिहितोय.

गणित सोपं आहे, फक्त उलट्या बाजूने सुरू करायचं. किती लावायचे हे आधी ठरवायचं नाही, किती परत यायला हवेत ते ठरवायचं. माझा आकडा 36 पौंड. घोड्याचा भाव एकास तीन असेल तर जिंकल्यावर एका पौंडाचे, लावलेला धरून, चार होतात. म्हणून 36 भागिले 4, त्याच्यावर 9 पौंड. एकास पाचच्या घोड्यावर 36 भागिले 6, म्हणजे 6. एकास आठच्या घोड्यावर 36 भागिले 9, म्हणजे 4. एकूण 19 पौंड लागले, कोणीही आला तरी 36 परत, नफा 17.

हे जमलं की पहिले काही दिवस फार सुरक्षित वाटतं. पण 36 मिळवायला 19 लावायचे, म्हणजे या तिघांपैकी कोणीतरी शंभरातल्या जवळपास 53 वेळा जिंकायला हवा, तेव्हा कुठे मी बरोबरीत. ते 53 बुकीच्याच भावांतून आलेत, आणि भावांत त्याची कमाई आधीच मिसळलेली असते. त्या शर्यतीतल्या सगळ्या घोड्यांच्या भावांतून निघणारे जिंकण्याचे टक्के मी एकदा असेच मांडून पाहिले, बेरीज 100 ऐवजी 116 आली. म्हणजे माझ्या तिघांची बाजाराच्या मते खरी शक्यता 53 नव्हे, साडेपंचेचाळीसच्या आसपास होती. वाटणी कितीही अचूक असली तरी ही तूट ती भरून काढत नाही.

सगळ्यात मोठा धडा मिळाला तो जानेवारीतल्या एका शर्यतीत. सहा फर्लांगांची हँडिकॅप, नऊ घोडे. दोनास पाच भावाचा फेव्हरिट मला आवडला नव्हता, म्हणून त्याला सोडून वरचेच तीन घोडे, तेच भाव, 9, 6 आणि 4 पौंड. बाकीचे घोडे स्टॉलमध्ये गेले, फेव्हरिट जाईना. डोळ्यांवर पट्टी बांधून झाली, चौघांनी मागून ढकलून झालं, तो पाय रोवून उभाच. शेवटी त्याला बाद केलं. मला आनंद झाला, कारण सगळ्यात धोक्याचा घोडा गेला होता. माझा एकास आठवाला मानेच्या अंतराने जिंकला आणि खात्यात 36 ऐवजी 28 पौंड आले.

याला इथे 'रूल फोर' म्हणतात. तुम्ही भाव घेतल्यावर एखादा घोडा ऐनवेळी बाद झाला तर त्याच्या भावानुसार तुमच्या जिंकलेल्या रकमेतून कपात होते. दोनास पाचच्या घोड्यासाठी ती पौंडामागे 25 पेन्स. हा नियम मला ऐकून माहीत होता. लक्षात आलं नव्हतं ते हे की कपात फक्त जिंकलेल्या पैशांवर होते, लावलेल्या पैशांवर नाही. त्यामुळे मोठ्या भावाच्या घोड्याला ती जास्त लागते. एकास तीनवाला जिंकला असता तर 27 मधले पावणेसात जाऊन 29.25 हातात आले असते. एकास पाचवाल्यावर 28.50. एकास आठवाल्याच्या 32 मधले 8 गेले, उरले 28. सारख्या नफ्याची वाटणी शर्यत सुटण्याआधीच मोडली होती: 10.25, 9.50 आणि 9. फरक पौंडा-सव्वा पौंडाचा आहे, पण मूळ नफा 17 वरून 9 वर आला हे जास्त लागलं.

त्यानंतर मी शक्य तेव्हा एक्स्चेंजवर, म्हणजे जिथे बुकीऐवजी खेळणारेच एकमेकांशी पैज लावतात तिथे, खेळू लागलो. तिथे विन मार्केटमध्ये, म्हणजे कोण जिंकणार यावरच्या पैजांत, घोडा बाद झाला की कपात पूर्ण भावावर, म्हणजे लावलेला पौंड धरून होते. त्यामुळे तिन्ही परताव्यांना सारख्याच प्रमाणात कात्री लागते आणि समानता टिकते. नफा कमी होतोच, पण तिघांचा सारखा. कमिशनही त्या शर्यतीतल्या निव्वळ नफ्यावर लागतं, म्हणजे तिथेही तिघांना एकच न्याय. वेगवेगळ्या बुकींकडे उत्तम भाव शोधून तीन पैजा लावण्यापेक्षा मला हे बरं वाटलं, जरी कधीकधी भाव थोडा कमी मिळाला तरी.

दोन घोडे बरोबरीत आले तर काय, हे दोनदा घडलं. माझा एक आणि बाहेरचा एक असतील तर अर्ध्याच पैशांना पूर्ण भाव मिळतो: 36 चे 18, आणि 19 लावले असल्यामुळे एक पौंड तोटा. पण दोन्ही माझेच असतील तर 18 अधिक 18, पुन्हा बरोबर 36. दुसऱ्या वेळी तसंच झालं. फोटोचा निकाल लागेपर्यंत मी उगाच श्वास रोखून बसलो होतो.

सुरुवातीला मी तिन्ही पैजा आधी काढलेल्या आकड्यांनी लावून मोकळा व्हायचो, आणि तेवढ्यात भाव हलायचा. आता ज्याचा भाव सर्वांत वेगाने पडतोय तो आधी घेतो आणि प्रत्येक पैजेनंतर पुढचा आकडा नव्या भावाने काढतो. एकास आठचा एकास सहा झाला तर 36 भागिले 7, म्हणजे 5.14 लागतात, नफा 15.86 वर येतो. तो पटला नाही तर तिसरा घोडा सोडून देतो.

64 शर्यतींपैकी 33 मध्ये माझ्या घोड्यांपैकी कोणीतरी जिंकला. एकूण 1,244 पौंड लागले, 1,161 परत आले, तोटा 83. सलग हार पाचच्या पुढे गेली नाही, आणि एकट्या घोड्यावर खेळताना जे लांबलचक कोरडे आठवडे जायचे ते गेले नाहीत, हा फायदा खरा आहे. पण पैसे गेले, हेही तितकंच खरं.

पुण्यात दादाने हीच पद्धत रेसकोर्सवर करून बघायचं मनात घेतलं होतं. मी त्याला आकडे मांडून दाखवले. 22 सप्टेंबर 2025 पासून भारतात घोड्यांच्या पैजेवर 28 ऐवजी 40 टक्के जीएसटी आहे. 19 वर तो लागला तर खिशातून 26.60 जातात, आणि 36 परत यायचे असतील तर तिघांना शंभरातल्या 74 वेळा जिंकावं लागेल. शिवाय प्राप्तिकरात जिंकलेल्या तिकिटासमोर हरलेली दोन तिकिटं वजा करता येत नाहीत. डचिंगमध्ये दोन तिकिटं तर हरणारच असतात. दादाने विचार सोडला.

वही चाळताना तोटा कुठून आला तेही दिसलं. तिसरा घोडा मी बहुतेक वेळा आधार म्हणून घेतला होता, त्याच्या स्वतःच्या जोरावर नाही. पहिल्या दोघांवरच 15 लावले असते तर नफा 21 होता. तिसऱ्यासाठी दिलेल्या 4 पौंडांनी तो पहिल्या दोघांपैकी कोणी जिंकलेल्या प्रत्येक शर्यतीत 17 केला. आता तिसऱ्याबद्दल एकच प्रश्न विचारतो: बाकी दोघे नसते तर मी याच्यावर या भावाने पैसे लावले असते का? गेल्या महिन्यातल्या अकरा शर्यतींत उत्तर 'हो' आलं ते फक्त चार वेळा, आणि बाकी सातमध्ये मी दोघांवरच थांबलो.